आठवड्यात एकच लेग डे: नुसता स्क्वॉट पुरतो का?

शनिवारची_पाळी: पायांसाठी आठवड्यातून एकदाच सव्वा तास मिळतो. माझं मत स्पष्ट आहे, स्क्वॉटचे आठ सेट मारा. पुढची मांडी, मागची मांडी, ग्लूट्स, पोटऱ्या, सगळं त्यात होतं. मशीनवर वेळ घालवू नका.

माधवी_क: हे वाचून गप्प बसवेना, कारण नवी मुलं हेच वाचून वर्ष घालवतात. क्वाड्स आणि ग्लूट्सबद्दल तुमचं बरोबर आहे, पण मागच्या मांडीचं तसं नाही. हॅमस्ट्रिंग कंबरेखालून निघून गुडघ्याच्या खाली जाते. स्क्वॉटमध्ये खाली जाताना ती वरच्या टोकाला ताणली जाते आणि गुडघा वाकल्यामुळे खालच्या टोकाला सैल पडते. लांबी फारशी बदलत नाही, म्हणून तिच्यावर कामही फारसं पडत नाही. आठच्या जागी बारा सेट केलेत तरी हे बदलणार नाही. शिवाय पाचव्या-सहाव्या सेटनंतर पाय थकतात, बारवरचं वजन उतरवावं लागतं, आणि पुढचा प्रत्येक सेट आधीच्यापेक्षा कमी देतो.

त्याच सव्वा तासात असं बसतं: वॉर्मअपनंतर स्क्वॉट 3 सेट, 6 ते 8 रेप, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. मग रोमानियन डेडलिफ्ट 3 सेट, 8 ते 10 रेप. मग बसून लेग कर्ल 3 सेट. शेवटी लेग एक्स्टेंशन 2 आणि उभ्याने काफ रेज 4 सेट, हे दोन आलटून पालटून, म्हणजे एकाच्या विश्रांतीत दुसरं होतं.

डेडलिफ्टमध्येच सगळे चुकतात. स्क्वॉट 60 किलोचा असेल तर सुरुवात 40 ने करा. गुडघे किंचित वाकवून तसेच ठेवा, नितंब मागे न्या, बार मांडीला घासत खाली येऊ द्या. गुडघ्याखाली चार बोटं गेला की बहुतेकांना मागे ताण येतो, तिथून परत वर. बार पायापासून सुटला की सगळा भार कंबरेवर येतो. दुसऱ्या दिवशी मागची मांडी मऊ आणि कंबर कडक असेल, तर चूक हीच झाली.

तालमीतला: मशीन आली कधी? कोल्हापूरच्या तालमींत बैठका मारूनच पाय झाले. रोज पाचशे बैठका मारा, काही कमी पडत नाही.

माधवी_क: "रोज" हा शब्द तुम्हीच लिहिलात. इथे दिवस एक आहे.

तालमीतला: एक दिवस तर एक दिवस, हजार मारा.

पोटरी_पाटील: बैठकीत टाच उचलली जाते, गुडघा पुढे जातो, म्हणजे भार पुढच्या मांडीवर. मागची मांडी तिथेही मोकळीच राहते. आणि वजन शरीराचंच, ते वाढत नाही. दोनशेच्या पुढे दम वाढतो, स्नायू तेवढा नाही. पैलवानाची मागची मांडी कुस्तीत तयार होते, समोरच्याला उचलताना. त्याचं श्रेय बैठकीला देऊ नका.

तालमीतला: हातात वजन घेऊनही बैठक मारता येते, हे विसरताय. कुस्तीचं मात्र कबूल. तरी बैठकीने गुडघा आणि घोटा जसा मोकळा राहतो, तसा तुमच्या खुर्चीवरच्या मशीनने राहत नाही, हे मी सोडणार नाही.

पोटरी_पाटील: ते सोडू नका, बरोबरच आहे. वॉर्मअपला वीस बैठका ठेवा. पोटऱ्यांसाठी मात्र मी बसून करायचं मशीन सुचवेन, वजन जास्त लागतं.

माधवी_क: वजन लागतं, पण पोटरीचा वरचा गोल भाग गुडघ्याच्या वरून निघतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो, काम खालच्या चपट्या स्नायूला जातं. एकच प्रकार करायचा तर गुडघा सरळ ठेवून, उभ्याने. टाच पायरीखाली पूर्ण उतरवा, दोन सेकंद थांबा, मग वर. उसळी मारलीत तर पोटरीऐवजी टाचेची शीरच काम करते.

पोटरी_पाटील: बरं, उभ्याने. मग त्याची जोडी लेग कर्लशी का नाही लावली?

माधवी_क: पोटरीचा तोच भाग गुडघा वाकवायलाही मदत करतो. दोन्ही एकत्र केलं तर कर्लमध्ये मागच्या मांडीआधी पोटरीत गोळा येतो.

अनघा_देश: माझा गुडघा खाली जाताना दुखतो. म्हणजे स्क्वॉट नकोच, असं ना?

माधवी_क: असं मी कुठेही म्हटलेलं नाही. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी डॉक्टर. नुसतं चढाउतरताना दुखत असेल तर कर्ल सर्वांत आधी हलक्या वजनाने करून बघा, गुडघा गरम झाल्यावर पुष्कळांना स्क्वॉट सोपा जातो. खोलीही दुखण्याच्या आधी थांबवा.

शनिवारची_पाळी: डेडलिफ्टचं पटलं, सेट पाचवर आणतो. पण कर्ल आधी केला तर स्क्वॉटचं वजन पडणार. माझ्यासाठी स्क्वॉटच पहिला.

माधवी_क: तुमची मागची मांडी मागे पडली आहे का, ते आधी आरशात बाजूने उभं राहून बघा. पडली असेल तर ती शेवटी ठेवून भरणार नाही.