‘पल्ली पल्ली’: कोरियातील घाईची किंमत कोण मोजतो?

मालविका_जोशी: मुलगी सोलमध्ये शिकते, तिच्याकडे राहून नुकतीच परतले. तिथे रात्री अकराच्या आत मागवलेला भाजीपाला सकाळी सातच्या आत दाराशी असतो, खाणावळीत जेवण सांगितल्यावर ताटकळावे लागत नाही, आणि जो तो ‘पल्ली पल्ली’, म्हणजे ‘लवकर लवकर’ म्हणत असतो. ही शिस्त म्हणावी की समाजाला जडलेला ताण? जाणकारांनी मत द्यावे.

श्रीरंग_कोल्हापूर: माझ्या मते ही शिस्तच आहे आणि ती गरजेतून आलेली आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गरीब देशाला सावकाशपणा परवडणारा नव्हता. सोल ते बुसान हा 428 किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग त्यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये हाती घेतला आणि जुलै 1970 मध्ये वाहतुकीला खुलाही केला. ज्या पिढीने हे पाहिले, तिच्या मुलांना आणि नातवंडांना वाट पाहणे हा वेळेचा अपमान वाटला तर नवल नाही. आपण तिकडचा ताण तेवढा पाहतो आणि त्यामागे उभा राहिलेला देश पाहायचे विसरतो.

नदीकाठ: श्रीरंगराव, महामार्गाच्या तारखा बरोबर आहेत, पण त्याच कामावर 77 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांचे स्मारक त्या महामार्गालगतच आहे, हेही त्यांच्यासोबत सांगायला हवे. मी काही वर्षे सोलमध्ये दुभाषी म्हणून काम केले आहे आणि तिथल्या घाईकडे एकच गोष्ट म्हणून पाहू नये, असे माझे ठाम मत आहे.

मालविकाताई, खाणावळीचे उदाहरण आधी घेऊ. तिथे जेवण लवकर येते, कारण तोंडीलावण्याच्या वाट्या सकाळीच तयार करून ठेवलेल्या असतात, चमचे आणि चॉपस्टिक्स बहुधा टेबलाच्या खणातच असतात, पाणी अनेक ठिकाणी आपले आपण घ्यायचे असते, आणि वाढप्याला बोलावायला टेबलावर घंटीचे बटण असते. म्हणजे गिऱ्हाईक येण्यापूर्वीच कामाचा मोठा भाग उरकलेला असतो. अशा वेगाचा भार कोणा एकाच्या अंगावर पडत नाही.

दुसरी घाई कराराच्या कागदातून येते, आणि तिच्यासाठी कुई स्थानकाचे प्रकरण समजून घ्यावे लागेल. सोलच्या भुयारी रेल्वेत फलाटाच्या कडेला सरकते दरवाजे असतात. त्यांच्या दुरुस्तीचे काम रेल्वेने बाहेरच्या ठेकेदाराकडे दिले होते, आणि बिघाडाची खबर मिळाल्यापासून एका तासात माणूस जागेवर पोहोचला पाहिजे, अशी अट होती. सुरक्षेचा नियम मात्र सांगत होता की रुळांच्या बाजूचे काम दोघांनी मिळून करायचे, म्हणजे एक जण दुरुस्ती करील आणि दुसरा येणाऱ्या गाडीवर लक्ष ठेवील. ठेकेदाराकडे माणसे इतकी कमी होती की दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे शक्यच नव्हते. 2013 मध्ये सोंगसू आणि 2015 मध्ये कांगनाम स्थानकावर एकट्याने काम करणारे दुरुस्ती कामगार मेले, तरी व्यवहारात फरक पडला नाही. 28 मे 2016 रोजी कुई स्थानकावर 19 वर्षांचा मुलगा एकटाच दुरुस्ती करत होता, आणि पुढच्या स्थानकावरचे बोलावणेही त्याची वाट पाहत होते. येणाऱ्या गाडीने त्याला चिरडले. त्याच्या पिशवीत अवजारांबरोबर कपातल्या नूडल्सचे न उघडलेले पाकीट सापडले, कारण जेवायलाही त्याला उसंत नव्हती.

त्या मुलाला घाई आवडत होती, म्हणून हे घडले नाही. एका तासाची अट मोजली जात होती, तर दुसरा माणूस सोबत आहे की नाही, हे तितक्या काटेकोरपणे कोणी मोजत नव्हते. सेवेचा वेग पाहून थक्क होताना मी म्हणूनच आधी विचारतो की उशीर झाला तर दंड कोण भरतो.

चाकणकर: माझा अनुभव थोडा निराळा आहे. कोरियन मालकीच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. दोष निघाला की त्यांचा अभियंता त्याच दुपारी आमच्या यंत्रापाशी उभा असतो आणि निर्णयही तिथेच देतो. आमच्याच कार्यालयात त्यासाठी चार सह्या लागतात. हे मला मनापासून आवडते. तथापि दोषाचे मूळ कारणही त्यांना दुसऱ्या दिवशी लेखी हवे असते, आणि तिथे गाडी अडते. एकदा नायलॉनच्या क्लिपांना तडे जाऊ लागले, तेव्हा आम्ही घाईघाईने साच्याचे तापमान बदलले, कागद भरला आणि प्रकरण मिटवले. पावसाळ्यात तोच दोष पुन्हा उभा राहिला. नायलॉनचे दाणे यंत्रात ओतण्यापूर्वी पुरेसे वाळवले जात नव्हते, हे खरे कारण शोधायला शांतपणे बसून नोंदी पाहाव्या लागल्या. माल थांबवायची घाई योग्यच असते. कारण शोधण्याला मात्र त्याचा वेळ द्यावाच लागतो.

मंजिरी_ठाणे: यात कोरियाचे एवढे काय? आमच्याकडे दहा मिनिटांत किराणा येतो. मला तर आपलेच लोक जास्त वेगवान वाटतात.

नदीकाठ: मंजिरीताई, कोण अधिक वेगवान हा प्रश्नच नाही. पण तुमचे उदाहरण विषयाशी जुळते, म्हणून सांगतो. कोरियात एका पिझ्झा साखळीची 30 मिनिटांत घरपोच देण्याची हमी होती. पोचवणाऱ्या तरुणांचे अपघाती मृत्यू झाल्यावर लोकांनी आवाज उठवला आणि 2011 मध्ये ती हमी मागे घेण्यात आली. पुढे मोबाइलवरून जेवण मागवण्याची पद्धत रुळली आणि पोचवणाऱ्याला प्रत्येक फेरीमागे पैसे मिळू लागले. जाहिरातीतील मिनिटे गेली, तरी जितक्या फेऱ्या तितकी कमाई हा हिशेब त्याच्या डोक्यात शिरला. गिऱ्हाइकाने ‘लवकर’ असे तोंडानेही म्हणायला नको, अशी ही व्यवस्था आहे.

श्रीरंग_कोल्हापूर: कुई स्थानकाची हकीकत मी प्रथमच वाचली आणि ती अस्वस्थ करणारी आहे. तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. त्या घटनेनंतर सोल शहराने दरवाज्यांच्या दुरुस्तीचे काम ठेकेदाराकडून काढून स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे दिले. 2018 मध्ये कामाच्या आठवड्याची कमाल मर्यादा 68 तासांवरून 52 वर आणणारा कायदाही त्यांनी केला. चूक सुधारतानाही हा समाज रेंगाळत नाही. मग दोष घाईचा म्हणायचा, की वाईट कराराचा?

नदीकाठ: कराराचा दोष मोठा आहे, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. मात्र पार्सल पोचवणारे बहुतेक कामगार कागदावर स्वतंत्र व्यावसायिक असतात, त्यामुळे 52 तासांची मर्यादा त्यांना लागूच होत नाही. पार्सलामागे पैसे मिळत असल्याने सकाळचे कित्येक तास गोदामात पार्सले वेगळी करण्याचे काम ते फुकटच करत होते. 2020 मध्ये अतिश्रमाने मृत्यू होऊ लागले, तेव्हा हा मुद्दा पेटला आणि 2021 च्या समझोत्यात ते काम त्यांच्याकडून काढून घेण्याचे व आठवड्याला 60 तासांहून अधिक काम न देण्याचे ठरले. रात्रीचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. सातच्या आत भाजी पोहोचायची, तर कोणीतरी पहाटे तीन वाजता जिने चढलेच पाहिजेत.

मालविका_जोशी: मुलीला हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली की तिची एक मैत्रीण दिवसभर नोकरी करून एकटीने मूल सांभाळते आणि पहाटे दूध आले नाही तर तिची सकाळ कोलमडते. शिवाय रात्री काम करणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच ती पाळी मागून घेतात, कारण रस्ते मोकळे असतात आणि मोबदला जास्त मिळतो. यावर नदीकाठ आणि श्रीरंगराव काय म्हणतील?

नदीकाठ: त्या मैत्रिणीची गरज खरी आहे, आणि रात्रीची पोच सरसकट बंद करावी असे मी म्हणणार नाही. मी प्रथम मध्यरात्रीनंतर एका माणसाने किती घरे करायची याची कमाल संख्या ठरवीन आणि तेवढ्याच घरांत त्याची कमाई भागेल असा दर लावीन. त्यामुळे दुधाच्या पिशवीमागे थोडे पैसे वाढतील. ते त्या मैत्रिणीला परवडतील का, याचे उत्तर तीच देऊ शकेल.

श्रीरंग_कोल्हापूर: दर वाढला तर तिच्यासारख्याच बायकांची सोय आधी जाईल. मला हे मान्य नाही.