मदत हवी आहे: बाबांची पॉलिसी आहे, आईची नाही. ८०डी मध्ये काय काय धरायचं?

पहाटेची_लोकल
रिटर्न भरायला बसलेय आणि आरोग्य विमा व उपचारांच्या वजावटीवर, म्हणजे ८०डीवर अडकलेय. गृहकर्जामुळे मला जुनी करप्रणालीच परवडते, तो हिशेब करून झालाय, त्यामुळे प्लीज कुणी "नवी घे" म्हणू नका.

आम्ही भांडुपला, आईबाबा गिरगावात. मी, नवरा आणि मुलगी यांच्या फ्लोटरचा हप्ता १८,४०० रुपये. बाबा ६९ वर्षांचे, त्यांच्या पॉलिसीचे ४१,२०० मी माझ्या नेटबँकिंगने भरले. आई ६६ची. बायपासनंतर दोन कंपन्यांनी तिला पॉलिसी नाकारली, मग आम्हीच नाद सोडला. तिची औषधं महिन्याला दोनेक हजारांची. त्यातली मी यूपीआयने भरलेली बिलं वर्षभरात ६,५००ची निघाली. बाकीची बाबा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून रोख आणतात आणि बिलं बिस्किटांच्या डब्यात कोंबतात.

शिवाय तपासण्या: मी आणि नवरा मिळून ३,८००, आईबाबांच्या ४,५००. दोन्ही वेळा रक्त न्यायला आलेल्या मुलाच्या हातात रोख दिले, पावती आहे. यातलं काय चालेल?

सात_बारा
तपासणीचे तुमचे ५,००० आणि आईवडिलांचे वेगळे ५,०००. म्हणजे तुमचे ८,३०० पूर्ण बसतात. पण रोख दिलेत ना, मग गेलं सगळं. ८०डीला रोख चालत नाही.

वहीखाते
सात_बारा, दोन्हीकडे थोडं थोडं चुकलंय. रोख चालत नाही ते हप्त्याला आणि औषधोपचाराच्या खर्चाला. प्रतिबंधात्मक तपासणीला रोख चालते. आणि ५,००० ही मर्यादा तुमची आणि आईवडिलांची मिळून एकच आहे. ती वरून मिळत नाही, तुमच्या खात्याच्या २५,००० आणि साठीपुढच्या आईवडिलांच्या ५०,०००च्या आतच बसवायची.

ताई, आईच्या औषधांचं मात्र लोक हमखास सोडून देतात. साठीच्या पुढच्या ज्या व्यक्तीच्या नावे आरोग्य विमा नाही, तिच्या उपचारांचा खर्च ८०डीत धरता येतो. ही अट माणसागणिक बघायची. बाबांची पॉलिसी आहे म्हणून आईचा खर्च बाद होत नाही. मात्र बाबांच्या औषधांचं एकही बिल त्यात घालू नका.

तुमचा हिशेब असा लागेल. तुमच्या खात्यात १८,४०० अधिक तपासणीचे ३,८००, म्हणजे २२,२००. आईबाबांच्या खात्यात हप्ता ४१,२०० आणि औषधं ६,५००, झाले ४७,७००. तपासणीच्या ५,०००पैकी उरले १,२००, ते इथे टाका: ४८,९००. एकूण ७१,१००. आईबाबांच्या तपासणीचे उरलेले ३,३०० सोडून द्या.

घाटावरचा
पण बाबांना पेन्शन असेल तर ते अवलंबून कसे? आमच्या ऑफिसात एचआरने याच कारणावरून माझं काढून टाकलं होतं.

वहीखाते
अवलंबून असण्याची अट मुलांना आहे, आईवडिलांना नाही. एचआरने नाही धरलं तरी रिटर्नमध्ये स्वतः मागता येतं.

सासरची_सून
मी सासूबाईंचा हप्ता भरते, ३३,०००. तो आईवडिलांच्या ५०,०००मध्ये टाकू ना?

वहीखाते
नाही हो. आईवडील म्हणजे स्वतःचे, सासूसासरे त्यात येत नाहीत. पुढच्या वर्षी मिस्टरांना त्यांच्या खात्यातून भरू दे. ते जुन्या प्रणालीत असतील तर त्यांना वजावट मिळेल.

सासरची_सून
ते नव्या प्रणालीत आहेत. 😑

पहाटेची_लोकल
वहीखाते, खूप आभार. दोन शंका. डब्यातल्या बिलांपैकी बरीच आईच्याच नावाची आहेत, बाबांना तेवढे पैसे आता जीपे केले तर? आणि हप्त्याची पावती बाबांच्या नावावर आहे.

वहीखाते
केमिस्टला रोख गेले ते गेलेच. आता बाबांना पाठवून ते बिल यूपीआयचं होत नाही. पुढे त्या केमिस्टचा क्यूआर तुमच्या फोनमध्ये असू द्या, बाबांनी दुकानातून फोन केला की तुम्ही भरा. बिलावर आईचं नाव लिहून घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. असं वर्षभर केलंत तर हप्ता आणि औषधं मिळूनच ५०,००० भरतील आणि तपासणी आईबाबांच्या खात्यात बसवायची गरजच उरणार नाही.

पावतीसाठी तुमचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. पैसे कुणी भरले ते महत्त्वाचं. रिटर्नमध्ये विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक विचारतात, तो बाबांच्या पॉलिसीवरचाच टाका.

सात_बारा
५,०००चं मान्य, मी चुकलो. पण नुसती रोजची औषधं म्हणजे "वैद्यकीय खर्च" का? आमचा सीए फक्त हॉस्पिटलची बिलं घेतो.

वहीखाते
कायद्यात या शब्दाची व्याख्या दिलेली नाही, म्हणून सीए लोकांत दोन मतं आहेत. चिठ्ठीवरची औषधं मी धरतो. च्यवनप्राश धरत नाही.

पहाटेची_लोकल
डब्यात च्यवनप्राशची तीन बिलं आहेत. वेगळी काढते.