ओव्हरटाइमऐवजी बदली सुट्टी दिली तर चालते का?

शॉपफ्लोअर_पुणे: आमच्याकडे रोजंदारीवर ऐंशी माणसं आहेत, पाळी आठ तासांची. ओव्हरटाइमचे पैसे न देता तेवढ्याच तासांचा कॉम्प-ऑफ द्यायचा, असं धोरण लिहायला सांगितलंय. कामगारांनाही सुट्टी हवीच असते. हरकत काय?

मस्टरवाला: हरकत मोठी आहे. रोज 640 रुपये म्हणजे तासाला 80. सोम ते शनि 8, 11, 8, 8, 8, 8 तास भरले, एकूण 51. 1948 च्या जुन्या कारखाना कायद्यातल्या दिवसाच्या 9 तासांच्या हिशोबाने दोनच तास जादा दिसतात, आठवड्याच्या 48 च्या हिशोबाने तीन. जो आकडा जास्त तो धरा. त्या कायद्यात दर दुप्पट होता, 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही दुप्पटच आहे, म्हणजे 480 रुपये. तीन तासांच्या सुट्टीची किंमत 240. निम्मे पैसे कामगाराच्या खिशातून गेले, आणि त्याने सही दिली तरी तो हक्क सुटत नाही.

हिशोबनीस: दुप्पट फक्त बेसिक आणि डीएवर काढायचं. बाकी भत्ते मोजायची गरज नाही.

मस्टरवाला: 1948 च्या कायद्यात भत्तेही धरत, बोनस वगळून. नव्या संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत घरभाडं बाहेर आहे, पण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की जास्तीचा भाग परत आत येतो.

हिशोबनीस: म्हणजे आमचा पगाराचा साचा बघूनच ठरवावं लागेल. तुमचं सरसकट उत्तर मला अजून पटलेलं नाही.

आयटी_काका: मी मॅनेजर आहे, शनिवारी काम केलं. मला कॉम्प-ऑफ मिळेल का?

मस्टरवाला: तुमचं नेमणूक पत्र बघा. इथे प्रश्न कामगारांचा आहे.

बदली सुट्टी ही साप्ताहिक सुट्टी बुडाली तर देतात. रविवारी काम करवून बुधवारी सुट्टी दिली तर आठवडा 48 वरच राहतो. तीच सुट्टी पंधरा दिवसांनी दिली तर त्या आठवड्याचे वरचे आठ तास दुप्पट दराने द्यावे लागतात, शिवाय सुट्टीही. बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते. म्हणून रजिस्टरमध्ये तीन तारखा हव्यात: काम केलेली, मुदतीची आणि सुट्टी घेतलेली. मधला रकाना नसला की सुट्ट्या गुपचूप बुडतात.

लाइन_सुपरवायझर: आणि मंजुरी? दोन तासांची घेतली, मशीन बंद पडलं, काम तीन तास चाललं. एचआर तिसरा तास कापतं.

मस्टरवाला: तो कापता येत नाही, काम झालंय. पाळी संपायच्या आत सुपरवायझरने कारण, नावं आणि तास लिहून विभागप्रमुखाची मंजुरी घ्यावी, कामगाराची संमतीची सही तिथेच. वाढीव तासाची नोंद दुसऱ्या दिवशी पंचशी ताडून त्याच कागदावर करावी. मंजुरी न घेतल्याचा जाब सुपरवायझरला विचारा, मजुरी कापू नका.

शॉपफ्लोअर_पुणे: पण गावी पेरणीला जायला तीन दिवस सलग हवेत असं कामगारच म्हणतात, त्यांचं काय?

लाइन_सुपरवायझर: पैसे द्या आणि रजा वेगळी मंजूर करा. एकाच्या बदल्यात दुसरं कशाला?