‘उल्लंघन’ की ‘विसंगती’? बटरफ्लाय व्हायोलेशनला काय म्हणावं

ओंजळ: ऑप्शनवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. व्होलॅटिलिटी सरफेस, म्हणजे प्रत्येक स्ट्राइक आणि मुदतीच्या भावातून निघणाऱ्या अपेक्षित चढउताराचा तक्ता, तपासताना आर्बिट्राजला वाव देणारे ‘बटरफ्लाय व्हायोलेशन’ आणि ‘कॅलेंडर व्हायोलेशन’ सापडतात, असं त्यात आहे. मी ‘उल्लंघन’ लिहिलं, पण मग नियम मोडला कोणी?

उंबरठा: आर्बिट्राज म्हणजे लवाद ना? मग ‘निवाड्याचा भंग’ म्हणा.

तिरकस रेघ: लवाद म्हणजे आर्बिट्रेशन. आर्बिट्राज म्हणजे भाव एकमेकांशी न जुळल्यामुळे जोखमीविना मिळणारा नफा. म्हणून मी ‘विसंगती’ म्हणेन. एकाच मुदतीचे पाच कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी करण्याचे हक्क, घ्या: तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक ९०, ९५, १००, १०५, ११० आणि भाव १२.००, ८.२०, ५.७०, ३.००, १.६०. स्ट्राइक वाढेल तसा भाव उतरतो, पण उतार सौम्य होत गेला पाहिजे. इथे घट आहे ३.८०, २.५०, २.७०, १.४०. मध्येच वाढली. ९५ आणि १०५ चा एकेक कॉल घेऊन १०० चे दोन विकले, म्हणजे १०० भोवतीचं बटरफ्लाय घेतलं, तर आजच ०.२० हातात पडतात आणि मुदतीला काहीच देणं निघत नाही.

ओंजळ: मग चुकीचा भाव कोणता?

तिरकस रेघ: शेजारची बटरफ्लाय पाहा. ९५ भोवतीचं १.३०, १०५ भोवतीचंही १.३०, मधलं उणे ०.२०. एक भाव जेवढा वर सरकतो, त्याच्या दुप्पट त्याचं स्वतःचं बटरफ्लाय खाली जातं आणि शेजारची दोन्ही तेवढ्यानेच फुगतात. १०० चा भाव ५.२० करून पाहा, तिन्ही ०.८० येतात.

पाटीपेन्सिल: आमच्याकडे लांबच्या महिन्याची व्होलॅटिलिटी जवळच्याहून कमी दिसली की कॅलेंडरची चूक म्हणून भाव काढून टाकायचो.

तिरकस रेघ: तेवढ्यावरून काढू नये. दोन्ही मुदतींत स्ट्राइक फॉरवर्डच्या, म्हणजे त्या मुदतीसाठी आज ठरणाऱ्या भावाच्या, तेवढ्याच पटीत धरायचा आणि व्होलॅटिलिटीच्या वर्गाला मुदतीने गुणून तुलना करायची; लांबच्या मुदतीचा गुणाकार जवळच्याहून कमी नको. १ महिना ३० टक्के, २ महिने २५ टक्के, हे चालतं. दोन महिन्यांची २१.२ च्या खाली गेली की अडतं.

पाटीपेन्सिल: म्हणजे बरेच चांगले भाव आम्ही घालवले. खरे चुकीचे निघाले ते बहुतेक दूरच्या महिन्यातले. तिथे सौदे कमी, त्यामुळे भाव आदल्या दिवसाचाच राहिलेला. त्याला ‘शिळा भाव’ म्हणा.

ओंजळ: ‘शिळा भाव’ घेतला! पण वरचे ०.२० खरंच मिळत असतील, तर ‘उल्लंघन’च बरोबर नाही का?

तिरकस रेघ: ते बिड आणि आस्कच्या, म्हणजे आपल्याला विकताना मिळणाऱ्या आणि घेताना द्याव्या लागणाऱ्या भावांच्या, मधले भाव होते. दोन्हीकडे ०.१० चं अंतर असेल तर घ्यायला ८.३० आणि ३.१० लागतात, विकून ११.२० येतात. उलट ०.२० खिशातून जातात. नफा नाही, तरी १०० च्या भावावरचा संशय राहतोच. म्हणून मधल्या भावात दिसते ती ‘विसंगती’, बिड-आस्क धरूनही उरलं तर ‘उल्लंघन’.

उंबरठा: लवाद सोडला. पण दोन शब्दांनी वाचक गोंधळेल, ‘भंग’ एकच पुरे.

ओंजळ: मूळ मजकुरात दोन्हींना शब्द एकच आहे, आणि लेखकाला कुठे कोणता अर्थ हवाय ते प्रत्येक ठिकाणी कळत नाही. तिथेच अडलेय.