शब्दचर्चा: रेड फ्लॅगच्या कॅप्शनमधे कारण कुठं असते?

धरमपेठवाली: कालपासून एक मीम फिरून राहिलं, "डेटवर असताना आईचा फोन उचलतो" आन खाली रेड फ्लॅग. माझ्या रूममेटनं तेच वाक्य ग्रीन फ्लॅग लिहून स्टोरीला टाकलं. दोन्हीवर लोक हो हो करून राहिले, मंग अर्थ काय धरायचा?

सीताबर्डीकर: सिंपल आहे बे, रेड म्हणजे धोका, ग्रीन म्हणजे चांगला माणूस, रेल्वेच्या झेंडीसारखं.

जुना मास्तर: अर्धं बरोबर. धोका कशाचा हे मीम सांगतच नाही. वाक्यात वागणं असते, झेंड्यात निकाल, आन "असं वागणारा पुढं असा निघते" हे मधलं वाचणाऱ्यानं मनात भरायचं. रेडवाले भरतात की हा लग्नानंतरही सगळं आईला विचारून करीन, ग्रीनवाले भरतात की घरच्यांना जपते तर मलाही जपेल. आईची तब्येत बरी नव्हती की फोन दर दहा मिनिटाला येते, हे लिहिलं तर वाक्य लांबते आन जोक मरते. झेंडा उलटा लावून पाहा. "वेटरवर खेकसतो, ग्रीन फ्लॅग" असं लिहिलं तर लोक टोमणाच समजतील, कारण तिथं सगळ्यांच्या मनात एकच भरलेलं आहे. फोनवाल्याला दोन्ही चालतात म्हणजे तिथं एकमत नाही.

नंदनवनचे काका: भाच्यानं 🚩🚩🚩 वालं मीम पाठवलं, मी खाली जय शिवराय लिहिलं. पोट्टे हसून राहिले.

जुना मास्तर: काका, इमोजी तोच आहे. ऑक्टोबर 2021 मधे ट्विटरवर एखादं वाक्य लिहून पुढं याची रांग लावायची लाट आली होती. आपल्याकडं तो आधीपासून भगवा म्हणून चालते. हिरव्या झेंड्याचा साधा इमोजीच नाही, म्हणून लोक हिरवं हार्ट टाकतात.

मानेवाड्याची: माझं सांगते. बघायला आला तेव्हा चहा आणणाऱ्या लहान भावाला थँक्यू म्हणाला, मैत्रिणी म्हणाल्या ग्रीन फ्लॅग. साखरपुडा झाल्यावर मोबाईलचा पासवर्ड मागून राहिला, घरचे म्हणतात काळजी आहे त्याला. याला कोणता?

सीताबर्डीकर: पोह्यावर तर्री नको म्हणणारा पण रेड फ्लॅगच 😂

धरमपेठवाली: हेच ना, तर्री आन पासवर्ड एकाच झेंड्याखाली!

जुना मास्तर: तर्रीत धोका नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून हसू येते. पासवर्डवर मात्र "काहीच लपवत नाही, ग्रीन फ्लॅग" असेही मीम आहेत, त्यात प्रेमात खाजगी काही नसते असं धरून चालतात, आन आपण होऊन देणं नि मागून घेणं एकाच मापात जाते. तुमच्याकडं मागितला की त्यानं स्वतःचा दिला?

मानेवाड्याची: मागितला. स्वतःचा विचारला तर ऑफिसचं काम असते म्हणे. घरी रेड फ्लॅग म्हटलं तर कोणाला कळणार नाही, सरळच सांगावं लागीन.