मदत हवी आहे: बहिणीचं बीपी आणि किडनीच्या धमनीत 'मणी', फुगा फिरवून घ्यावा का?

चोपडेकर
धाकटी बहीण, वय २९. वर्षभरापासून बीपी आहे. टेल्मिसार्टन धरून तीन गोळ्या चालू आहेत, तरी १७०/११०. घरात दुसऱ्या कुणाला बीपी नाही. जळगावच्या डॉक्टरांना बेंबीच्या वर, उजवीकडे स्टेथोस्कोपमधून सूं-सूं आवाज आला, म्हणून सीटी अँजिओ केली. उजव्या किडनीच्या धमनीत मधल्या भागापासून पुढे माळेसारखे मणी दिसतात. क्रिएटिनिन ०.८ आहे. डॉक्टर फुगा फिरवा, म्हणजे धमनीत फुगा घालून ती रुंद करा म्हणतात, मामा म्हणतात गोळ्यांवर भागेल. तिला मूल हवंय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आप्पा_रावेर
अजिबात हात लावू देऊ नका. कोरल नावाचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. स्टेंट टाकलेल्यांना नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही.

डॉ_धुळे
आप्पा, अभ्यास खरा, पण ते रुग्ण वयस्कर होते आणि त्यांच्या धमनीत चरबी साचलेली होती. ती बहुधा धमनीच्या तोंडाशीच साचते. इथे तोंड मोकळं आहे आणि पुढे मणी आहेत. तरुण बाईत असं चित्र फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजियाचं, म्हणजे धमनीच्या भिंतीच्याच वेड्यावाकड्या वाढीचं असतं. त्यात नुसता फुगा फिरवतात. धमनी फाटली तरच स्टेंट. मणी पाहून अडथळा किती ते कळत नाही, म्हणून आधी तारेने अलीकडचा-पलीकडचा दाब मोजतात का, ते विचारा. वय कमी आणि बीपी अलीकडचं असेल तर गोळ्या सुटण्याची आशा जास्त. पुन्हा अरुंद होऊ शकतं, त्यामुळे नंतर डॉपलर करत राहावं लागतं. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या, मनाने बंद करू नका.
दोन्ही हातांचं बीपी मोजलंय का?

भुसावळची_लेक
माझ्या वडिलांचंही हेच का? वय ६८, बिडी, मधुमेह. रामिप्रिल सुरू केल्यावर दोन आठवड्यांत क्रिएटिनिन १.४ वरून २.३ झालं. दोनदा रात्रीतून फुप्फुसात पाणी भरलं, पण इकोत हृदयाचं पंपिंग चांगलं आहे.

डॉ_धुळे
ताई, त्यांचं दुखणं वेगळं, चरबीचं वाटतं. दोन्ही बाजू अरुंद असल्या की असं होतं. त्या गोळीबद्दल आजच डॉक्टरांशी बोला. पुन्हा पुन्हा पाणी भरणं हे धमनी उघडण्याचं सबळ कारण आहे, कोरल असूनही. फक्त किडनी आधीच आकसून गेली असेल तर फार काही हाती लागत नाही. डॉपलरमध्ये दोन्ही किडन्यांची लांबी बघायला सांगा.

चोपडेकर
आता मोजलं. उजव्या हातात १७२, डाव्यात १४०. डावी नाडीही बारीक लागते.

डॉ_धुळे
मग थोडं थांबा. एवढा फरक सोडून देता येत नाही. मणी पाहता माझा कल अजून पहिल्या निदानाकडेच आहे, पण आपल्याकडे तरुण बायकांत टाकायासू, म्हणजे मोठ्या धमन्यांची सूज, बरीच दिसते. सूज चालू असताना फुगा फिरवला तर धमनी पुन्हा आवळते. तिथे आधी औषधाने सूज उतरवतात. ईएसआर, सीआरपी करा, आणि छाती-मानेच्या धमन्यांचीही सीटी अँजिओ करून घ्या. तोवर तारीख घेऊ नका.

आप्पा_रावेर
माझ्या पुतणीला टाकायासूच निघाला होता, तेव्हा ईएसआर नॉर्मल होता. नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका.

चोपडेकर
रक्त उद्या देतोय. सीटीची सीडी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवायची आहे. नाशिकला जावं की थेट मुंबई? कुणी गेलं असेल तर सांगा.