मागचा लाल फॉग लॅम्प लावून ठेवला तर कुणाचं काय जातं?

पारोळ्याचा प्रवासी
रोज पहाटे साडेपाचला जळगावहून पारोळ्याला निघतो. डिसेंबर लागला की बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर धुकं असतंच, म्हणून मागचा लाल फॉग लॅम्प घरूनच लावतो आणि पारोळ्यात बंद करतो. काल एरंडोलजवळ धुकं नव्हतं, पण उजाडलंही नव्हतं. मागचा ट्रकवाला सारखा डिपर मारत होता. शेवटी पुढे काढून, खिडकीतून हात नाचवून गेला. माझं म्हणणं, दिवा जास्त दिसला तर दिसू दे, न दिसण्यापेक्षा बरं. कुणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

केळीवाला, सावदा
बरोबर करताय तुम्ही. रात्री केळीची गाडी भरून निघालो की रावेर रस्त्याला बिनदिव्याच्या बैलगाड्या, ट्रॉल्या, सगळं मधेच उभं. ज्याला दिवा आहे त्याने लावावा. ट्रकवाल्यांचं मनावर घेऊ नका, ते कुणालाही डिपर मारतात.

वायरिंगवाला, धुळे
ट्रकवाल्याची बाजू घेतो, रागावू नका. गाडीमागचा साधा लाल दिवा 5 वॅटचा असतो, ब्रेकचा 21 वॅटचा. मागचा फॉग लॅम्पही 21 चाच. म्हणजे तुम्ही जळगाव ते पारोळा एक ब्रेकलाइट दाबून धरल्यासारखी गाडी चालवली. मागच्याला आधी वाटतं तुम्ही थांबताय, मग लक्षात येतं की नाही, आणि नंतर तो त्या लालकडे बघणं सोडून देतो. तुम्ही खरोखर ब्रेक दाबला की त्याच ताकदीचे दोन दिवे आणखी लागतात. अंधारात, लांबून, एकाचे तीन झालेले कळायला वेळ लागतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमात फॉग लॅम्प आणि ब्रेकलाइट यांच्यात किमान 10 सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगितलंय. ते अंतर जवळून कळतं, पाव किलोमीटरवरून दोन्ही एकच लाल ठिपका.

दाट धुक्यात हाच दिवा सोनं आहे. तिथे 5 वॅटचा दिवा पाण्याचे थेंब गिळून टाकतात, 21 चा तेवढा पलीकडे पोचतो. धुकं विरलं की गिळायला काही उरत नाही, आणि तो सगळा उजेड थेट मागच्याच्या डोळ्यात जातो.

मास्तरीण, नंदुरबार
हे सगळं गॅरेजमध्ये उभं राहून बोलायला ठीक. मी आठवड्यातून दोनदा नवापूरला जाते. कोंडाईबारी घाटाच्या बाजूला पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतो, शंभर पावलं धुकं, मग मोकळं, पुन्हा धुकं. दर वळणाला बटण लावत-काढत बसू? एक हात स्टिअरिंगवर आणि डोळे डॅशबोर्डवर, हे जास्त धोक्याचं नाही का?

शिवाय माझ्या गाडीचा तो दिवा एकाच बाजूला, उजवीकडे लागतो. डावा गेलाय. मेकॅनिकने दोनदा बघितला, त्याला सापडला नाही. तुम्हीच सांगा काय करायचं.

वायरिंगवाला, धुळे
ताई, तुमचा मेकॅनिक प्रामाणिक निघाला. डावा गेलेला नाही, तो मुळातच नाही. एकच फॉग लॅम्प द्यायचा असेल तर आपल्या डाव्या हाताच्या रस्त्यावर तो उजवीकडे किंवा मधोमध देतात. दोन सारख्या लाल दिव्यांना लोक ब्रेक समजतात, एकट्याला तेवढं समजत नाहीत. बऱ्याच गाड्यांत त्याच जागी डावीकडे पांढरा रिव्हर्स लाइट असतो. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, रिव्हर्स गिअर टाका, डावीकडे पांढरा उजेड पडला की झालं. मात्र तिथे लाल बल्ब कोंबायला कुणाला सांगू नका.

बटणाचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. विरळ-दाट धुक्यात मीही प्रत्येक ढगाला बटण दाबत नाही.

घाटरस्ता, चाळीसगाव
मूळ चूक ही की कंपन्या आता पांढरे फॉग लॅम्प देतात. पिवळा उजेड धुकं कापतो, लाल तर आणखी कापतो, म्हणूनच मागचा लाल असतो. मी पुढे पिवळे बसवलेत. कन्नड घाटात पावसाळ्यात जाऊन बघा, पांढऱ्यापेक्षा दुप्पट दिसतं.

वायरिंगवाला, धुळे
भाऊ, घाटात तुम्हाला बरं दिसत असेल, ते मी खोडत नाही. पण कारण रंग नाही. धुक्याचा थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो पिवळ्याला आणि पांढऱ्याला जवळपास सारखंच परतवतो. मागचा लाल आहे तो मागून लाल दिसावं म्हणून. तुम्हाला बरं दिसतं याचं खरं कारण बहुधा जागा आहे. पुढचा फॉग लॅम्प बंपरमध्ये, गुडघ्याच्या उंचीला असतो. त्याचा उजेड आडवा, पसरट, वरून सुरीने कापल्यासारखा. तो थेंबांवर आपटून परत येतो तो तुमच्या डोळ्यांच्या खालून. अप्पर लावला की तोच उजेड डोळ्यांसमोर परततो आणि पुढे पांढरी चादर उभी राहते.

एक विचारतो, हे पिवळे कंपनीचे आहेत की बाजारातले एलईडी?

घाटरस्ता, चाळीसगाव
बाजारातले. हॅलोजन काढून तिथेच बसवले. का?

वायरिंगवाला, धुळे
कारण आतला रिफ्लेक्टर तारेच्या बारीक ठिपक्यासाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्याच जागी, त्याच आकाराची नसली की वरची कापलेली कड नाहीशी होते आणि उजेड वर उधळतो. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून बघा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा वीतभर खाली आणि स्पष्ट हवी. कडच दिसत नसेल, वर छतापर्यंत उजेड जात असेल, तर समोरच्यांच्या शिव्या तुम्ही रोज खाताय. काच बंद असल्याने ऐकू येत नाहीत एवढंच.

ट्रॅक्टरवाला, चोपडा
मन्हा ट्रॅक्टरले मांगे दिवा शे भो, उगाच सगळ्या ट्रॉल्यांना नावं ठेवू नका. नांगरायला मागे मोठा पांढरा दिवा बसवलाय. उसाची ट्रॉली घेऊन निघालो की तोच लावतो, मैलभरावरून दिसतो. तरी लोक मागून हॉर्न वाजवतात.

केळीवाला, सावदा
अरे, म्हणजे तुम्हीच का ते! मागच्या आठवड्यात यावलजवळ समोर दोन पांढरे दिवे दिसले. मला वाटलं समोरून गाडी येतेय, म्हणून मी डावीकडे खाली उतरलो. जवळ गेलो तर माझ्याच दिशेने जाणारी पिकअप, मागचे दोन्ही रिव्हर्स लाइट चालू. ट्रॅक्टर नव्हता, पण झालं तेच.

वायरिंगवाला, धुळे
दोघांचं दुखणं एकच आहे. रस्त्यावर लाल म्हणजे पाठ आणि पांढरा म्हणजे तोंड, लोक एवढ्यावरच अंदाज बांधतात. म्हणून मोटार वाहन नियमात मागे लालशिवाय दिवा नको असं आहे. नंबरप्लेटचा, इंडिकेटरचा आणि मागे घेतानाचा, असे थोडे अपवाद सोडले तर. नांगराचा दिवा शेतात लावा, डांबरावर चढलात की बंद. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि दोन साधे लाल दिवे लावा. ट्रॅक्टरचा स्वतःचा दिवा ट्रॉलीच्या आड जातो, तो मोजू नका.

पिकअपबद्दल तीन शक्यता. एक, मालकाने रात्री माल चढवायला रिव्हर्स लाइटला वेगळं बटण काढलं आणि बंद करायला विसरला. असं बटण काढूच नये, तो दिवा गिअरबरोबरच लागला पाहिजे. दोन, गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच अडकलाय, मग चौथ्या गिअरलाही दिवे जळतात. तिसरी जास्त फसवी. गेल्या महिन्यात एक गाडी आली, तक्रार अशी की ब्रेक दाबला की रिव्हर्स लाइट मिणमिणतो. बल्ब बदलून झाले होते, स्विचही बदलला होता. टेललॅम्पच्या अर्थची तार गंजली होती. ब्रेकच्या करंटला परत जायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढत होता. बॉडीला खरवडून नवी अर्थ दिली, दहा मिनिटांत काम झालं. भकभकीत जळत असेल तर बटण किंवा स्विच, मिणमिणत असेल तर आधी अर्थ बघायची.

ट्रॅक्टरवाला, चोपडा
पट्टी लावतो. पण लाल दिव्याची वायर उंदीर खातात, ते कोण बघणार?

पारोळ्याचा प्रवासी
धागा माझा आणि चर्चा उंदरांवर. मला एवढं सांगा, धुकं "दाट" कधी म्हणायचं? माझ्या डोळ्यांना पुलावरचं रोजचंच दाट वाटतं.

वायरिंगवाला, धुळे
जर्मनीत 50 मीटरच्या आत दिसेनासं झालं तरच हा दिवा लावायची परवानगी आहे, ब्रिटनमध्ये 100 मीटर धरतात. गाडीत बसून मोजायचं असं. काटा 36 वर आणा, म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर. धुक्यातून एखादा खांब नुकता दिसला की "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायला लागा. खांब शेजारी येईपर्यंत पाच झाले तर 50 मीटर, दहा झाले तर 100. दहाच्या वर गेलात तर मागचा फॉग लॅम्प बंद, साधे दिवे आणि डीम पुरे. पाचच्या आत असाल तर दिवा लावाच, पण वेगही उतरवा. 60 ला, दीड सेकंद उशिरा ब्रेक लागला असं धरलं तर, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला 50 मीटरच्या आसपास लागतात. दिसतंय तेवढंच अंतर संपलं, हातात काही उरलं नाही.

आणखी एक. आरशात मागच्याचे हेडलाइट स्थिर दिसायला लागले, तो तुमच्या वेगाने मागे चालतोय, म्हणजे तुम्ही त्याला दिसलात. तिथे मी बंद करतो.

मास्तरीण, नंदुरबार
इथे मी मान्य करणार नाही. तो दिसला म्हणजे त्याच्या मागचा दिसला असं नाही. माझ्या मागची गाडी मधेच फुटून गेली की त्यामागच्या ट्रकला मी अचानक उघडी पडणार. दाट धुक्यात मी चालूच ठेवणार, भले मागच्याला त्रास होवो.

वायरिंगवाला, धुळे
तुमच्या मागच्याचे लाल दिवे त्या ट्रकला दिसतच असतात. पण तो फुटून गेल्यानंतरचे दोन क्षण तुमचेच, हे मान्य. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

घाटरस्ता, चाळीसगाव
आणि मुसळधार पावसात? ट्रकच्या चाकांचे फवारे उडतात तेव्हा तर धुक्याहून वाईट.

वायरिंगवाला, धुळे
वर सांगितलेलं मोजणं तिथेही करा, पाचाच्या आत आलं तर लावा. पण ओल्या डांबरावर तोच दिवा आरशासारखा दुप्पट दिसतो. रिमझिमीत तर अजिबात नको. पुढच्या फॉग लॅम्पचंही तसंच, ओल्या रस्त्यावरून तो समोरच्याच्या डोळ्यात उसळतो.

पारोळ्याचा प्रवासी
आज सकाळी मोजलं. पुलावर सात झाले, पाळधीच्या पुढे मोजायची गरजच नव्हती. दुसरी गोष्ट जास्त लागली. डॅशबोर्डवर पिवळ्या रंगाचं एक चिन्ह दोन वर्षं बघतोय, दिव्यातून उजवीकडे आडव्या रेघा आणि त्यांच्यावर नागमोडी रेघ. ते मला पुढच्या फॉग लॅम्पचं वाटत होतं. पुढच्याचं हिरवं असतं आणि रेघा डावीकडे. कांडीची कडी मी सवयीने शेवटपर्यंत फिरवायचो. पहिल्या टिचकीला पुढचा लागतो, दुसरीला मागचा. म्हणजे मे महिन्यातही तो चालूच होता.